मदत हवी आहे: कवितेत 'मी' किंवा 'ती' सर्वनामच नाही, मग मोजायचं काय?

मी कोल्हापुरात मराठीत एमए करतेय. मैत्रिणीची एक छोटी कविता शैलीच्या अभ्यासाला घेतलीय, तिला विचारून इथे देते:

रंकाळ्याच्या काठावर बसते,
पाणी मोजते, उठते, चप्पल शोधते.
कुणी विचारलं तर सांगते,
वाट बघत नाही.

माझी मोजणी: क्रियापदं 7, नामं 5, सर्वनाम एकच, तेही 'कुणी'. क्रियापदं जास्त, म्हणजे कविता हालचालीची, इथवर ठीक. ('वाट बघणे' एकच क्रियापद धरलं तर नामं 4 होतात. त्याने फारसं बिघडत नाही.)

अडलंय ते बोलणारीपाशी. 'बसते' हे 'मी बसते' पण होतं आणि 'ती बसते' पण. भूतकाळ असता तर 'बसले' की 'बसली' यावरून लगेच कळलं असतं. 'बघत नाही' पण दोन्हीकडे चालतं. म्हणजे आकडा सांगतो 'मी' शून्य, आणि वाचताना तर सगळीकडे 'मी' ऐकू येतो!

त्यात आमच्याकडच्या बायका 'मी बसतो, मी जातो' म्हणतात. आईला कविता वाचून दाखवली तर ती लगेच म्हणाली, "कोण गं ही बसलेली?" तिच्या कानाला ती 'ती'च वाटली.

तर अध्याहृत सर्वनामांचा वेगळा रकाना करून त्यात 'मी/ती संदिग्ध' असं लिहू, की फक्त छापलेले शब्दच मोजू? कुणी असं काम केलं असेल तर तक्ता कसा मांडलात ते सांगा.