प्रतिसाद: टर्नटेबलचा डावा चॅनल गप्प

> "डावीकडून गाणं नाही, नुसती घरघर. ग्राउंडची वायर जोडली आहे, फोनो इनपुटच वापरतोय."

दोन्ही बाजूंनी घरघर असती तर ग्राउंड वायरवर संशय घेतला असता. एकाच बाजूची घरघर म्हणजे बहुधा त्या चॅनलची सिग्नलची तार कुठेतरी सुटलेली. मोकळा फोनो इनपुट असाच घुमतो.

आधी अॅम्प बंद करून मागच्या लाल-पांढऱ्या पिना आपसात बदला. घरघर उजवीकडे गेली तर अॅम्प आणि स्पीकर ठीक, दोष टर्नटेबलकडे. डावीकडेच राहिली तर टर्नटेबल उघडूच नका.

दोष टर्नटेबलचा निघाला तर हेडशेल काढून काट्रिजच्या मागे बघा. पांढरी डावीची सिग्नल, निळी तिची ग्राउंड, लाल-हिरवी उजवीची. पांढरीची क्लिप बहुतेक सैल किंवा काळवंडलेली असते. चिमट्याने क्लिप धरून ओढा, वायर ओढू नका, केसासारखी असते ती. क्लिपमध्ये टूथपिक घालून हलकेच दाबा, मग पिनवर घट्ट बसेल. काट्रिजच्या पिनेला सोल्डरिंग मात्र चुकूनही नको, आतली कॉइल उष्णतेने जाते.

एवढं करूनही डावी बाजू गप्पच राहिली तर पांढरी-लाल आणि निळी-हिरवी अदलाबदल करा. दोष उजवीकडे सरकला तर काट्रिज गेलं, नाहीतर टोनआर्मची वायर.