शब्दचर्चा: ‘आर्बिटर’ला मराठीत काय म्हणावं, आणि त्याचा वेळ ‘अनंत’ की ‘बेमुदत’?

मीमांसा
घड्याळाविना चालणाऱ्या डिजिटल सर्किटांवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात आर्बिटर नावाचं एक छोटं सर्किट आहे. दोन बाजूंनी मागण्या येतात, ते एकीलाच परवानगी देतं. मी ‘लवाद’ लिहिलं होतं. पुढे वाक्य येतं की या लवादाला निर्णयासाठी लागणाऱ्या वेळेला तत्त्वतः वरची मर्यादा नाही. मी लिहिलं, ‘लवादाला निर्णय घ्यायला अनंत काळ लागू शकतो’. संपादकांनी दोन्ही शब्दांखाली लाल रेघ मारली आहे. चूक कुठे झाली?

कोशकीटक
‘लवाद’ला माझा आक्षेप नाही, रुळलेला शब्द आहे. ‘अनंत’ही बरोबर वाटतं. ज्याला अंत म्हणजे मर्यादा नाही तो अनंत. संपादकांना बहुधा ‘अमर्याद’ हवं असेल. माझ्या मते दोन्ही एकच.

द्वारपाल७४
कोशकीटक, शब्दाच्या फोडीत तुम्ही बरोबर आहात, पण इथे दोन्ही एक नाहीत. ‘अनंत काळ लागतो’ म्हटलं की निर्णय कधी येतच नाही असा अर्थ निघतो. या सर्किटाचा निर्णय दर वेळी येतो, जवळजवळ नेहमी क्षणार्धात येतो. फक्त ‘अमुक वेळेच्या आत नक्की येईल’ असं कागदावर लिहून सही करता येत नाही. मी यासाठी ‘बेमुदत’ म्हणेन. बेमुदत संप कधी ना कधी मिटतोच, फक्त तारीख आधी ठरलेली नसते.

‘लवाद’बद्दल माझी तक्रार वेगळी आहे. लवाद दोन्ही बाजू ऐकून योग्य काय ते ठरवतो. या सर्किटाला योग्य-अयोग्याशी देणंघेणं नाही. दोन मागण्या अगदी एकदमच आल्या तर कोणालाही हो म्हटलं तरी चालतं, दोघांना एकदम हो म्हणायचं नाही एवढीच अट. लॅटिनमध्ये आर्बिटर आणि आर्बिट्ररी एकाच मुळातून आलेत, म्हणजे मनमानीची सोय त्या नावातच आहे. गंमत अशी की कुठलंही उत्तर चालत असूनही ते देण्याची मुदत बांधता येत नाही.

ओंकार_लिहितो
यात नवल काय? म्युटेक्सचा रोजचाच अनुभव आहे. एका थ्रेडने लॉक घेतलं आणि सोडलंच नाही, तर दुसरा बसतो वाट बघत. त्याला आम्ही उपासमार म्हणतो. टाइमआउट टाकला की प्रश्न मिटतो.

द्वारपाल७४
नाही ओंकार, तुम्ही हरलेल्याच्या वाट पाहण्याबद्दल बोलताय. ती वाट जिंकलेल्याच्या हातात असते: त्याने मागणी मागे घेतली की संपली. मी बोलतोय ते कोण जिंकलं हेच अजून ठरलेलं नसतानाच्या वेळेबद्दल. तेव्हा लॉक कोणाकडेच नसतं.

मीमांसा
द्वारपालकाका, हा ‘ठरलेलं नसतानाचा’ काळ सर्किटात दिसतो कसा? लेखात एका ओळीत उरकलंय.

द्वारपाल७४
सांगतो, थोडं लांबेल.

दोन नँड गेटं घ्या, एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला, दुसऱ्याचं पहिल्याच्या. प्रत्येकाच्या उरलेल्या इनपुटवर एकेक मागणी, R1 आणि R2. मागणी नसते तेव्हा दोन्ही आउटपुट वर असतात. R1 आधी आली की पहिलं आउटपुट खाली जातं आणि दुसऱ्याला वरच रोखून धरतं. मग R2 कितीही ओरडली तरी उपयोग नाही.

आता दोन्ही मागण्या एकदम येऊ द्या. दोन्ही आउटपुट एकदम घसरू लागतात, प्रत्येक दुसऱ्याला थांबवू पाहतं, आणि दोन्ही मधल्या एका व्होल्टेजवर जवळजवळ सारखी येऊन टेकतात. डोंगराच्या धारेवर ठेवलेल्या गोट्यासारखी अवस्था. तिथे दोघांतला जो बारीकसा फरक उरला असेल तो गेटं स्वतःच वाढवत नेतात. फरक जितका मोठा तितक्या वेगाने वाढतो, म्हणजे चक्रवाढीने. वेळ असा निघतो:

```
t = τ · ln(V / V0)
```

V0 म्हणजे सुरुवातीचा फरक, V म्हणजे निर्णय झाला असं म्हणायला हवा तेवढा. τ त्या गेटांचा स्वभाव, समजा २० पिकोसेकंद. V एक व्होल्ट धरा. सुरुवातीचा फरक एक मिलिव्होल्ट असेल तर सुमारे १३८ पिकोसेकंद लागतात. एक मायक्रोव्होल्ट असेल तर २७६. एक नॅनोव्होल्ट असेल तर ४१४. फरक हजारपट बारीक झाला की वेळ फक्त १३८ने वाढतो, हे दिलासादायक. पण तुम्ही कुठलीही मुदत सांगा, ती ओलांडेल इतका बारीक फरक शोधता येतो. ‘बेमुदत’चा अर्थ एवढाच.

आणि इतका बारीक फरक पडायची शक्यताही त्याच प्रमाणात आटते. मागण्या कधीही येत असतील तर दर ४६ पिकोसेकंदांच्या उशिरामागे प्रसंग दहापट दुर्मिळ होतो. एक नॅनोसेकंद जास्त थांबलात तर दहाने एकवीस वेळा भागल्याइतकं दुर्मिळ. शून्य मात्र कधीच होत नाही.

कोशकीटक
मान्य, ‘अनंत’ मागे घेतो. पण नॅनोव्होल्टचा फरक प्रत्यक्षात टिकणार कसा? तारांमध्ये औष्णिक खडखडाट असतोच. तोच गोट्याला कुठेतरी ढकलेल. म्हणजे व्यवहारात मुदत आहेच की.

द्वारपाल७४
अर्धं बरोबर. खडखडाट धारेवरचा गोटा ढकलतो हे खरं. पण बाजूला घसरू लागलेल्या गोट्याला तोच परत धारेवरही आणून ठेवू शकतो. सरासरी काढली तर शेपूट तशीच उरते, प्रत्येक जादा τ मागे तितक्याच पटीने आटणारी. खडखडाटामुळे कोण जिंकेल ते बदलतं, मुदत मिळत नाही.

ओंकार_लिहितो
मग पहारेकरी बसवा. ५०० पिकोसेकंदांनी बघायचं, अजून अधांतरी असेल तर जबरदस्तीने पहिल्याला हो म्हणायचं.

द्वारपाल७४
ही युक्ती जवळजवळ प्रत्येकाला सुचते, मलाही सुचली होती. पहारेकऱ्याला काय ठरवायचंय? ‘५००व्या पिकोसेकंदाला हे अधांतरी आहे की नाही?’ एखाद्या वेळी ते अधांतरी आणि पक्कं यांच्या बरोब्बर सीमेवर असणार. मग पहारेकरीच टांगणीला लागतो. एक धार घालवलीत, तिच्या जागी दोन आल्या.

गणिती बाजूने पाहायचं तर असं: R1 ही R2 च्या बऱ्याच आधी येते, तिथपासून बऱ्याच नंतर येते, तिथपर्यंत तिची वेळ हळूहळू सरकवत न्या. ठरलेल्या क्षणी आउटपुट मोजा. एका टोकाला ‘पहिला’, दुसऱ्या टोकाला ‘दुसरा’. मधे व्होल्टेज उडी न मारता सलग बदलतं, म्हणजे कुठेतरी ते ना इकडचं ना तिकडचं असणारच. आत कितीही गेटं भरा, सलगपणा जात नाही.

सुलभा_रो
माझा अनुभव सांगू? माझ्या एका बोर्डावर दुसऱ्या बोर्डाकडून सिग्नल यायचा, दोघांचे क्रिस्टल वेगळे. दोन-तीन दिवसांतून एकदा आमचं स्टेट मशीन आराखड्यात नसलेल्याच अवस्थेत जाऊन बसायचं. रीसेट केलं की ठीक. लॉजिक ॲनलायझरवर सगळं स्वच्छ दिसायचं. शेवटी सिग्नल एकाच फ्लिपफ्लॉपने घेऊन त्यामागे आणखी एक लावला. त्यानंतर मी होते तोवर पुन्हा झालं नाही. म्हणजे मुदत बांधता आली ना? एक क्लॉक थांबायचं, बस.

द्वारपाल७४
सुलभाताई, आधी तोच सिग्नल मशीनमध्ये एकाहून जास्त ठिकाणी थेट वाचला जात होता का?

सुलभा_रो
हो, दोन फ्लिपफ्लॉप वाचायचे.

द्वारपाल७४
मग त्यातले बरेच प्रसंग अधांतरी अवस्थेचे नसतीलही. एकाच्या तारेत किंचित जास्त उशीर, म्हणून एकाने ० वाचलं, दुसऱ्याने १. दोघेही आपापल्या जागी ठाम, फक्त एकमेकांशी जुळेनात. ॲनलायझरवर स्वच्छ दिसण्याचं तेही एक कारण. एकाच ठिकाणी वाचायला लागलात तेव्हा तेवढं गेलं. दुसऱ्या फ्लिपफ्लॉपने उरलेली जोखीम कमी केली. कशाने किती, हे आता सांगता यायचं नाही.

पण तुमचा प्रश्न या धाग्याच्या मुळाशी जातो. तुम्ही एक क्लॉक थांबता आणि मग जे असेल ते उचलता. वेळ पक्की, उत्तर पक्कं असण्याची हमी नाही. घड्याळाविना चालणाऱ्या सर्किटात उलटं करतात: उत्तराची हमी, वेळेची नाही. झाइट्झ यांनी १९८०मध्ये मांडलेल्या सर्किटात वरच्या दोन गेटांच्या जोडीपुढे, म्हणजे लॅचपुढे, एक गाळणी आहे. एका बाजूच्या परवानगीचा इन्व्हर्टर वीज घेतो दुसऱ्या बाजूच्या आउटपुटवरून. त्यामुळे दोघांतला फरक ट्रान्झिस्टरच्या उंबरठ्याएवढा होईपर्यंत कोणालाच परवानगी बाहेर पडत नाही. आत काय हेलकावे चाललेत ते बाहेरच्यांना दिसतच नाही. बाकीचं सर्किट परवानगी येईपर्यंत थांबतं, आणि त्याला थांबता येतं, कारण क्लॉकची टिकटिक मागे लागलेली नाही.

मीमांसा
‘हेलकावे’ म्हणालात. लेखातल्या या मधल्या अवस्थेला मी ‘तळ्यात-मळ्यात’ लिहिलंय. चालेल?

द्वारपाल७४
सुरेख शब्द, पण जपून. काही लॅच खरंच इकडून तिकडे, तिकडून इकडे करत राहतात, विशेषतः जिथे गेटांचा उशीर मोठा असतो. त्यांना तळ्यात-मळ्यात शोभतं. बाकीचे मधल्या व्होल्टेजवर मुकाट लटकतात. त्यांना ‘अधांतरी’ किंवा ‘टांगणीला’. चेनी आणि मोलनार यांनी १९७३मध्ये हे वागणं प्रत्यक्ष मोजून दाखवलं. त्याआधी असं काही होतं यावर विश्वास ठेवायला पुष्कळ अभियंते तयार नव्हते.

ओंकार_लिहितो
एक शंका उरली. प्रोसेसरच्या बसवरही आर्बिटर असतो. तो दर क्लॉकला निर्णय देतो, हमखास. मग आर्बिटर बेमुदत कसा?

द्वारपाल७४
चांगला प्रश्न. तिथे सगळ्या मागण्या आधीच एका क्लॉकला बांधलेल्या असतात, म्हणून ‘आधी कोण’ हा प्रश्नच उरत नाही. ‘या टिकटिकीला कोण कोण हजर आहे’ एवढं पाहून नियमाने एक निवडायचा. ते निव्वळ तर्काचं काम, त्याला मुदत असते. एखादी मागणी दुसऱ्या क्लॉककडून येत असेल तर अवघड निर्णय तिच्या दारातल्या फ्लिपफ्लॉपवर ढकललेला असतो. नाव एकच, कामं दोन.

कोशकीटक
मग मराठीत तरी दोन शब्द करूया. बसवरच्याला ‘वाटपी’, कारण तो पाळ्या वाटतो. लॅचवाल्याला ‘निवाडक’.

मीमांसा
‘निवाडक’मध्ये पुन्हा न्याय आलाच की. ‘एकवाट’ कसं वाटतं? एका वेळी एकालाच वाट.

द्वारपाल७४
ऐकायला गोड आहे, पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला रस्त्याचं नाव वाटेल. मी तरी ‘आर्बिटर’च लिहीन.

मीमांसा
वाक्य आता असं केलंय: ‘आर्बिटरचा निर्णय बहुतेक वेळा लगेच येतो, पण तो अमुक वेळेत येईलच अशी मुदत घालता येत नाही.’ ‘बेमुदत’ शीर्षकात ठेवते. संपादकांना संप आठवला तर बघू.

सुलभा_रो
माझ्या जुन्या बोर्डाचा आराखडा शोधते. दोन्ही वाचणारे फ्लिपफ्लॉप एकमेकांपासून किती लांब होते ते बघायचंय.