अनुभव धागा : परमिटसकट जुनी टॅक्सी घेतली / विकली / घेता घेता राहिली

कल्याणची_मावशी : भाचा काल घरी आला. एमएच १२ ची पांढरी सेडान बघितलीय, "परमिटसकट मिळतेय, टोकन देऊ का?" म्हणून विचारत होता. परमिटसकट म्हटल्याबरोबर मला आमच्या चाळीतले अण्णा आठवले.

अण्णांनी ओळखीतल्या माणसाकडून काळी-पिवळी घेतली होती. आरसीवर अण्णांचं नाव चढलं, पण परमिट मूळ मालकाच्याच नावावर राहिलं. मधे होता फक्त शंभराच्या स्टॅम्पपेपरवरचा नोटरी केलेला करार, की परमिटही यांना दिलं आहे. गाडी बरी चालत होती. मग मूळ मालक वारले आणि थोड्याच दिवसांत परमिटच्या नूतनीकरणाची वेळ आली. अण्णा आरटीओत गेले तर कारकून म्हणाला, तुम्ही कोण? परमिटधारकाला पाठवा. तो तर गेला! मालकाची मुलं म्हणाली, परमिट आमच्या बाबांचं, ते आम्हाला हवं. गाडी अण्णांची आणि परमिट त्यांचं, त्यामुळे दोघांनाही धंदा करता येईना.

अजून कुणाचं असं झालंय का? ऐन वेळी काय निघालं, काय बघायला हवं होतं, ते लिहा. भाचा वाचणार आहे.

स्टिअरिंग_सोडलेला : मी विकणारा होतो. इथे सगळे घेणाऱ्याचीच काळजी करतात. मी गाडी दिली, फॉर्म २९-३० वर सह्या दिल्या, चावी दिली, पेढे खाल्ले. त्याने नावावर केलीच नाही. दुसऱ्याला धडकला आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस माझ्या घरी. वकील म्हणाला, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्टच सांगितलंय, रजिस्टरवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाणार. विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ स्वतः आरटीओत द्यायचा असतो. घेणाऱ्याच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नसतं.

पोळ्या_करता_करता : बापरे. पुढे सुटलात का?

स्टिअरिंग_सोडलेला : चालूच आहे. तारीख पे तारीख.

मी_कऱ्हाडचा : आमच्याकडे काळी-पिवळी म्हणजे वडाप. जीप घेतली होती मामाने, परमिटसकट. कऱ्हाड-पाटण सीटवर सीट भरायची. एकदा पकडली, तर साहेब म्हणाले परमिट कंत्राटी आहे, म्हणजे अख्खी गाडी एका गिऱ्हाइकाला द्यायची, वाटेत सीटा घेत-सोडत टप्पा वाहतूक करता येत नाही. मामा म्हणे, मग इतकी वर्षं काय करत होतो! विकणाऱ्याने "चालतंय" एवढंच सांगितलं होतं. चालत होतं हे खरंच, पकडेपर्यंत.

सातारी_मिसळ : पाटणला कुणाकडे असता? आमची आत्या तिथलीच.

मी_कऱ्हाडचा : स्टँडमागे. आत्याचं आडनाव?

फोर्ट_ते_फिल्मसिटी : मावशी, घाबरवू नका पोराला. आरसी ट्रान्सफर झाली की परमिट आपोआप येतं. हल्ली सगळं ऑनलाइन आहे, वाहन पोर्टलवर एकच सिस्टीम. अण्णांच्या काळी हाताने नोंदी व्हायच्या म्हणून तसं झालं.

टपालपेटी_आरटीओ : आपोआप काही येत नाही हो. पोर्टल एक असलं तरी काम दोन, अर्ज दोन, फी दोन. गाडीची मालकी बदलते ती नोंदणी अधिकाऱ्याकडे. परमिट बदलतं ते ज्या परिवहन प्राधिकरणाने दिलं त्याच्या परवानगीने. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ८२. त्यात चक्क लिहिलंय की परवानगीशिवाय नुसती गाडी घेतलेल्याला त्या परमिटवर गाडी चालवायचा काहीच हक्क मिळत नाही. म्हणजे नोटरी, मुखत्यारपत्र, "माझी काही हरकत नाही" असं लिहिलेला कागद, यातलं काहीच परवानगीची जागा घेत नाही. मी आयुष्यभर आरटीओबाहेर कागद फिरवले, सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकलेली पाहिली.

अण्णांसारख्या केसचंही सांगतो. परमिटधारक वारला तर गाडी ज्याच्या ताब्यात वारसाहक्काने येते त्याला ३ महिने ते परमिट वापरता येतं, पण ३० दिवसांत मृत्यूची खबर द्यावी लागते आणि स्वतःच्या नावासाठी अर्ज ३ महिन्यांत. उशीर झाला तर सबळ कारण दाखवावं लागतं. गंमत बघा, इथे गाडी वारसांच्या ताब्यात नव्हतीच, ती अण्णांच्या नावावर. म्हणून दोन्ही बाजू लटकल्या. शेवटी काय झालं?

कल्याणची_मावशी : शेवटी मालकाच्या बायकोच्या नावावर परमिट झालं, उशिराचं कारण देऊन. आणि तिने रीतसर अर्ज करून अण्णांना दिलं. फुकट नाही, वरचे पैसे घेतले. मधले महिने गाडी चाळीच्या कोपऱ्यात उभी. हप्ते चालूच.

पोळ्या_करता_करता : त्या बाईने बरोबर केलं. तिच्या हातात तेवढंच होतं.

फोर्ट_ते_फिल्मसिटी : ओके, कलम ८२ माहीत नव्हतं. पण माझ्या गाडीला खरंच काही वेगळं केल्याचं आठवत नाही.

टपालपेटी_आरटीओ : तुमच्या एजंटने केलं असेल. बिलात बघा.

नवी_गाडी_जुना_मालक : मी पण सेकंडहँड टॅक्सी घेतोय, घरच्यासाठी. पिवळी पाटी काढून पांढरी लावायचीय. परमिट ट्रान्सफर करायला किती दिवस लागतील?

सातारी_मिसळ : घरच्यासाठी घेताय तर परमिट कशाला नावावर? उलटं करा.

टपालपेटी_आरटीओ : बरोबर. तुम्हाला परमिट सरेंडर करायचंय, तेही विकणाऱ्याकडून, पैसे देण्याआधी. मग वापर बदलून खासगी नोंद, कराचा फरक. हा वेगळा विषय आहे, धागा काढा.

बॅज_नंबर_विसरलो : मावशी, भाच्याची सेडान टूरिस्ट आहे ना? त्यात काळी-पिवळीसारखी मारामारी नाही. काळी-पिवळीत लोक गाडीचे पैसे देतच नाहीत, परमिटचे देतात. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा. २००८ ची गाडी घेतली तर २०२८ ला ती भंगार, पण परमिट जिवंत असेल तर त्यावर दुसरी गाडी बदलून घेता येते. म्हणून गाडी खिळखिळी असली तरी भाव मोठा. माझ्या चुलत्याने पद्मिनी दिली तेव्हा घेणाऱ्याने इंजिन उघडूनही बघितलं नाही, सरळ परमिटचं पुस्तक मागितलं.

चहा_कमी_साखर : पद्मिनी! शेवटच्या पद्मिनीची मुदत संपली २०२३ च्या ऑक्टोबरात. मागच्या सीटवर लोळून प्रवास केलाय लहानपणी. आताच्या गाड्यांत गुडघे तोंडात.

बॅज_नंबर_विसरलो : आणि डिक्कीपेक्षा कॅरिअरवर जास्त सामान.

कल्याणची_मावशी : पद्मिनीच्या आठवणी नंतर. भाच्याला विकणारा म्हणतोय "ऑल इंडिया आहे, गोव्यापर्यंत बिनधास्त जा." आणि भाचा राहतो कल्याणला, गाडी पुण्याची. दोन्हींचं काय?

टपालपेटी_आरटीओ : तोंडाचं ऐकू नका. गाडी नंबर टाकून mParivahan वर बघा, आणि मूळ परमिट हातात घेऊन त्यावर प्रकार आणि क्षेत्र वाचा. नुसतं मोटार कॅबचं कंत्राटी परमिट असेल तर ते ज्यांनी दिलं त्यांच्या क्षेत्रापुरतं, फार तर राज्यापुरतं. परराज्यात ते चालत नाही, त्यासाठी त्या राज्याची मान्यता किंवा त्या फेरीपुरतं विशेष परमिट लागतं. अखिल भारतीय पर्यटक परमिट वेगळं असतं, त्यावर तसं लिहिलेलं असतं आणि त्याची तारीखही असते. विकणाऱ्याने कधीतरी काढलेलं, मग संपलेलं, असं सर्रास असतं. गाडीवर "टूरिस्ट" रंगवलेलं असणं हा पुरावा नव्हे. आणि टूरिस्ट असो वा साधं, रस्त्यात सीट भरणं दोन्हीत नाही. कऱ्हाडच्या मामांना विचारा.

परमिट नसताना किंवा परमिटच्या अटीबाहेर धंदा करताना पकडलं तर कलम १९२-अ लागतं, १०,००० दंड, शिवाय कैदेची तरतूद आहे. त्याहून महाग पडतो अपघात. परमिट नसेल तर विमा कंपनी जखमीला पैसे देते, पण ते मालकाकडून वसूल करायची मुभा तिला कोर्टाकडून मिळते.

आता पुणे-कल्याण. आरटीओ बदलतंय म्हणजे पुण्याहून एनओसी, मग कल्याणला नोंद. परमिट पुण्याच्या प्राधिकरणाचं, ते तसंच उचलून कल्याणला येत नाही. तिथे सरेंडर करून इथे नवं घ्यावं लागतं. टूरिस्ट गाडीला नवं मिळतं, त्यामुळे हे आडवं येत नाही, पण मग "परमिटसकट" म्हणून विकणारा जे वरचे पैसे मागतोय ते नक्की कशाचे, हे भाच्याने विचारावं.

कल्याणची_मावशी : ७० हजार जास्त सांगतोय परमिटचे!

बॅज_नंबर_विसरलो : 😂 ७० हजार! काळी-पिवळीचं परमिट असल्याच्या थाटात मागतोय.

स्टिअरिंग_सोडलेला : बँकेचा बोजा आहे का तेही बघा. आरसीवर फायनान्सचं नाव असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आधी. हप्ता बाकी असलेल्याच गाडीवर टोकन मागतात. पासिंगची तारीखही. ८ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

फोर्ट_ते_फिल्मसिटी : ई-चलान पण. माझ्या गाडीला आधीच्या मालकाची इतकी निघाली की ती भरल्याशिवाय पुढचं कामच होईना. आणि विमा नावावर करायला १४ दिवस असतात, हे मी नक्की सांगू शकतो, केलंय.

चहा_कमी_साखर : भाच्याकडे टॅक्सी चालवायचा बॅज आहे का?

बॅज_नंबर_विसरलो : काळी-पिवळीचं परमिट नावावर घ्यायचं तर बॅज लागतोच. टूरिस्टला मला मागितला नव्हता.

मी_कऱ्हाडचा : आम्हाला मागितला होता टूरिस्टला. साहेबावर अवलंबून आहे बहुतेक.

टपालपेटी_आरटीओ : कल्याणच्या खिडकीवर विचारा. इथे भांडून उपयोग नाही.

कल्याणची_मावशी : भाच्याने आत्ता फोन केला. परमिटचा फोटो मागवला विकणाऱ्याकडे. कंत्राटी, क्षेत्र महाराष्ट्र राज्य. मुदत पुढच्या मार्चपर्यंत. आणि फायनान्स कंपनीचं नाव आहे आरसीवर. पोरगा म्हणतो गाडी मात्र छान आहे. टोकन थांबवलंय. ७० हजार सोडून किंमत बोलूया म्हणून निरोप दिलाय, तिकडून अजून उत्तर नाही.

सातारी_मिसळ : @मी_कऱ्हाडचा आत्याचं आडनाव मेसेज केलंय, बघा.