मदत हवी आहे: परदेशात डॉक्टरांना दाखवण्यासाठी आईचे द्विभाषिक तक्रारपत्रक, 'चक्कर' कशी लिहावी?

मृण्मयी_क: माझी आई ७४ वर्षांची असून सध्या माझ्याकडे परदेशात राहते. तिला इंग्रजी जवळजवळ येत नाही आणि मी प्रत्येक वेळी तिच्यासोबत दवाखान्यात जाऊ शकत नाही. म्हणून डावीकडे मराठी व उजवीकडे इंग्रजी वाक्ये असलेले एक पत्रक मी तयार करत आहे. ताप, खोकला, गुडघेदुखी या ओळी सहज जमल्या. अडचण आहे ती चक्कर या तक्रारीची. मागच्या भेटीत डॉक्टरांनी दुभाष्यामार्फत विचारले, की खोली फिरल्यासारखी वाटते की शुद्ध हरपेल असे वाटते. आईने दोन्हींना होकार दिला आणि पुढे काहीच ठरले नाही. ती रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेते. या ओळीची रचना कशी करावी?

अनंत_जोगळेकर: माझ्या वडिलांनाही असाच त्रास होता आणि तो मानेच्या मणक्यामुळे निघाला. आपण इंग्रजी बाजूला सरळ 'सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस' असे लिहावे. डॉक्टर वैद्यकीय शब्द लगेच ओळखतात, त्यामुळे वेळ वाचतो.

डॉ_निवृत्त: जोगळेकर, डॉक्टरांना ओळखीचे शब्द द्यावेत हे खरे, परंतु पत्रकावर निदान लिहू नये, तक्रार लिहावी. निदान वाचले की समोरचा त्याच दिशेने तपासू लागतो, आणि उतारवयात मणक्याची झीज एक्स-रेमध्ये बहुतेकांना दिसतेच, मग चक्कर कशामुळेही येत असो.

मृण्मयीताई, चक्कर कशी वाटते हे विचारले, की आज एक आणि उद्या दुसरे उत्तर येते. आईच नव्हे, इंग्रजी बोलणारे रुग्णही तसेच करतात. ती केव्हा येते आणि किती वेळ टिकते, हे मात्र माणूस बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो. म्हणून एका ओळीऐवजी तीन ओळी कराव्यात. पहिली: 'अंथरुणात कूस बदलताना गरगरते आणि साधारण मिनिटभरात थांबते.' दुसरी: 'पडलेली किंवा बसलेली असताना उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, बसले की बरे वाटते.' तिसरी: 'काही न करताही सतत, तासन्तास गरगरत राहते.'

यातली कूस बदलण्याची बाब महत्त्वाची आहे. अंथरुणातून उठताना कानाच्या दोषाची चक्करही येते आणि रक्तदाब उतरल्याचीही येते, त्यामुळे 'उठताना येते' एवढ्याने फरक कळत नाही. पडल्या पडल्या कूस बदलताना मात्र रक्तदाब सहसा उतरत नाही. तेव्हा गरगरले तर संशय आधी कानाकडे जातो. आई दुसऱ्या ओळीवर बोट ठेवत असतील, तर रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एका व तीन मिनिटांनी मोजावा, ही विनंती इंग्रजीत त्याच ओळीखाली छापावी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टर गोळ्यांचा फेरविचार करतात. गोळ्यांची मूळ औषधी नावे आणि मिलिग्रॅम तिथेच लिहावेत, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिथे कोणी ओळखेलच असे नाही.

सुलभा_देव: रक्ततपासणीचा मराठी अहवाल इंग्रजीत करून कोठे मिळेल, असा तुमचा प्रश्न आहे का? मलाही तेच हवे आहे.

मृण्मयी_क: सुलभाताई, अहवालाचा प्रश्न नाही, आई तोंडाने जे सांगते त्याचा आहे. डॉक्टरसाहेब, तुमच्या तिन्ही ओळी आईला वाचून दाखवल्या. तिने पहिलीला मान हलवली, दुसरीलाही हलवली. ती समजून हो म्हणते की केवळ भिडेने, हे कसे ओळखावे?

डॉ_निवृत्त: तोच प्रश्न उलटा करून विचारावा: 'कूस बदलताना काहीच होत नाही ना?' यालाही हो आले, तर ते उत्तर धरू नये. पत्रकावर 'होय' आणि 'नाही' यांच्याबरोबर 'नक्की सांगता येत नाही' असाही चौकोन ठेवावा. तो नसला की वडीलधारी माणसे 'होय'वर बोट ठेवून मोकळी होतात. तिसऱ्या ओळीबाबत एक सांगतो. सतत गरगरण्यासोबत बोलणे अडखळत असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडत असेल, तर पत्रक शोधत बसू नये, तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. तो क्रमांक पत्रकाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत असू द्या.

मृण्मयी_क: आज दुपारी तिला कूस बदलायला लावून पाहिले, काहीच झाले नाही. उलट्या प्रश्नालाही तिने 'काही होत नाही' असेच सांगितले. पलंगावरून उठल्यावर मात्र तिने लगेच भिंत धरली. दुसरी ओळ ठळक करते आणि रक्तदाबाची विनंती छापते. आता 'जीव घाबरा होतो' ही ओळ राहिली आहे. ती छातीखाली घालावी, श्वासाखाली, की मनाच्या तक्रारींत?

अनंत_जोगळेकर: माझ्या मते मनाच्या तक्रारींत.

डॉ_निवृत्त: मी ती छातीच्या ओळींत घालेन आणि सोबत घाम, दम व धडधड यांचे वेगळे चौकोन देईन. तरीही हे म्हणणे इतक्या अर्थांनी वापरले जाते, की पत्रकापेक्षा दुभाषीच बोलावलेला बरा.