उत्तर: साइटवरून ब्रिज डिझाइनला अर्ज

>> "डिझाइनचा अनुभव शून्य. साइटवरचं काम कव्हर लेटरमध्ये कसं मांडू?"

किती गर्डर टाकले ते लिहा असं वर कुणी सुचवलंय; ते लिहाच, पण बायोडेटात. पत्रात एकच प्रसंग घ्या, जिथे डिझाइनरचं गृहीतक साइटवर तपासलं गेलं. माझ्या मते केबल ताणणं हा त्यासाठी सगळ्यात चांगला विषय. समजा, ३० मीटरच्या पीएससी, म्हणजे पूर्वताणित काँक्रीटच्या गर्डरमध्ये ड्रॉइंगप्रमाणे केबलच्या लांबीत वाढ २०० मिमी हवी होती आणि जॅकचा दाब पूर्ण होऊनही १८६ च मिळाली. म्हणजे ७ टक्के कमी, मर्यादा साधारण ५ टक्क्यांची. कंत्राटदार म्हणतो, "थोडा दाब वाढवू." इथे तुम्ही काय केलंत, ते निवड करणाऱ्यांना वाचायचं असतं.

पत्रात असं येऊ द्या: "दाब न वाढवता केबलच्या कॉइलचं टेस्ट सर्टिफिकेट काढलं. डिझाइनमध्ये स्टीलचा ई, म्हणजे स्थितिस्थापकता गुणांक, १९५ जीपीए धरला होता, प्रत्यक्षात २०१ होता. त्या हिशेबाने अपेक्षित वाढ १९४ मिमी, म्हणजे फरक ४ टक्के. हे डिझाइनरला कळवून लेखी मंजुरी घेतली, मगच ग्राउटिंग केलं." आकडे अर्थात तुमच्या स्ट्रेसिंग रजिस्टरमधले, कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न ठरलेला: ई जुळला असता, तर वाढ कमी का आली असती? तेव्हा केबलच्या डक्टचे आधार लांब पडून केबल नागमोडी झाल्याने घर्षण वाढतं, हे सांगता यायला हवं. सॉफ्टवेअरची यादी मात्र एका ओळीत उरका.