सांगलीतली चालू हळद गिरणी: 45 लाख द्यावेत का?

कुपवाडकर: मार्केट यार्डाजवळची हळद पावडरची गिरणी विकायला आहे, जागा भाड्याची. मालक 45 लाख म्हणतात. कर भरून वर्षाला 12 लाख सुटतात, म्हणजे चार वर्षांत वसूल. ते पुढच्या पैशांचं आजचं मोल काढत बसणं मोठ्या कंपन्यांनी करावं.

हिशेबनीस: असं वाचलं की राहवत नाही. मालक पहाटेपासून स्वतः गिरणीवर असतो आणि पगार मांडत नाही. त्याच्या जागी माणूस ठेवलास तर महिना 40 हजार, वर्षाला 4.8 लाख गेले. पल्व्हरायझरचे हातोडे, जाळ्या, मोटर यांना वर्षाला 1.2 लाख धर. हातात उरले 6 लाख. एवढ्या जोखमीला मी 20 टक्के परतावा मागतो. मग पहिल्या वर्षअखेरचे 6 लाख आज 5 लाखांचे, दुसऱ्याचे 4.17. पाच वर्षांचे मिळून जेमतेम 18 लाख. पाचव्या वर्षी धंदा वर्षाच्या उरलेल्या 6 लाखांच्या तिपटीने, म्हणजे 18 लाखांना विकला, तर त्याचे आजचे 7.2. एकूण 25 लाख. याच्या वर एक रुपया नाही.

मिरजवाला: 20 टक्के कशाला? बँक 12 ने देते.

हिशेबनीस: बँक तारण घेऊन देते. गिरणी बुडाली तर बँकेला तुझं घर आहे, तुला कोण आहे? तरी 12 धर, 32 लाखांच्या आतच येतं.

कुपवाडकर: पण मी स्वतः राबणार आहे! पगार वजा करायचा प्रश्नच कुठे? आमच्या घरात कोणी कधी पगार घेतला नाही.

हिशेबनीस: म्हणूनच घरच्या धंद्यांचं खरं उत्पन्न कळत नाही! 4.8 लाख मिळवून बघ, वर्षाला 10.8 होतात. त्याच 20 टक्क्यांनी किंमत येते 45 लाख. कळलं तो आकडा कुठून आला? पाच वर्षं तू गाळणार तो घाम मालकाला आजच रोखीने देतोयस.

मिरजवाला: घाम काढू नका. माझी आई आयुष्यभर दुकानात बसली, तिला फुकटी म्हणायचं का?

हिशेबनीस: उलट! तिच्या कामाची किंमत धरा, एवढंच म्हणतोय.

बेकरीवाली: आकडे बरोबर असूनही मी फसले. आधीच्या मालकाने दोन गल्ल्या सोडून पुतण्याच्या नावाने बेकरी टाकली, हॉटेलवाले सगळे तिकडे. करारात मनाई नव्हती.

कुपवाडकर: विक्री दरवर्षी 15 टक्के वाढेल, ते कुठे धरलंय?

हिशेबनीस: विक्री 80 लाख ना? 12 लाख वाढली तर चार महिन्यांचा माल-उधारी धरून 4 लाख आधी अडकतील. सीझनला हळद रोखीने घ्यायची, किराणावाले पैसे देणार सवडीने. वाढ धरायची तर हेही धर.

मिरजवाला: बरं, पगाराचं मान्य. पण तिप्पट का? चालू गिऱ्हाईक असलेला धंदा पाचपटीनेही जातो.

हिशेबनीस: पाचपट धरली तरी आजची एकूण किंमत 30 लाख. आणि तेव्हा पाचपट देणारा कोण, ते सांगा.

कुपवाडकर: 28 सांगून बघतो. मालक उठवून लावणार.