झुरळांचं जेल, स्प्रे की खडू? रांगतं मूल आणि प्राणी असलेल्या घरातले अनुभव लिहा

मृण्मयी, ठाणे

दिवाळीनंतर आमच्या स्वयंपाकघरात झुरळं झाली आहेत. लहान, फिकट तपकिरी, ट्रॉलीच्या कप्प्यांत राहणारी. रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावला की ओट्यावरून पाच-सहा तरी पळतात. घरात दहा महिन्यांची मुलगी आहे, रांगते आणि हाती लागेल ते तोंडात घालते. शिवाय मांजर आहे, ती ट्रॉलीखालच्या फटीतही पंजा घालून बघते. सासूबाई म्हणतात खडू ओढू, नवरा म्हणतो स्प्रे मारू, मैत्रिणीने जेल सुचवलं. लहान मूल किंवा प्राणी घरात असताना यातलं काही वापरलं असेल त्यांनी कृपया लिहा. नेमकं कुठे लावलं, किती दिवसांत फरक पडला, काही बिनसलं का, सगळं.

सुलभाताई, सांगली

मृण्मयी, आमच्याकडे वर्षानुवर्षं खडूच. रात्री ओट्याच्या कडेने आणि मोरीच्या उंबऱ्यावर रेघ ओढायची, सकाळी मेलेली झुरळं केरात. पण खरं सांगते, नातू दीड वर्षाचा असताना त्याने उंबऱ्यावरची रेघ बोटाने पुसली आणि बोट तोंडात घातलं. आम्ही हात-तोंड धुतलं, डॉक्टरांकडे नेलं, काही झालं नाही. पुढच्याच महिन्यात थोरली नात तोच खडू घेऊन पाटीवर चित्र काढत बसलेली दिसली. दिसायला शाळेच्या खडूसारखाच ना तो. त्या दिवशी घरातले सगळे खडू काढून टाकले. मूल लहान आहे तोवर खडू नको, बाळा.

अमोल, हडपसर

आम्ही स्प्रे. रांगणाऱ्या किड्यांचा मोठा डबा आणला, बायको-मुलाला माहेरी पाठवलं आणि ट्रॉल्या रिकाम्या करून आत मारला. सकाळी सुपलीभर झुरळं. वाटलं, संपलं. तीन आठवड्यांत बारीक पिल्लं दिसायला लागली, आणि आधी कधी नव्हती ती बेडरूमच्या कपाटातही! पुन्हा मारला, पुन्हा तेच. मुलाला दम्याचा त्रास आहे, दुसऱ्या वेळी दोन दिवस खोकत होता. आता घरात स्प्रे आणत नाही.

विनायक, नाशिक

चौदा वर्षं पेस्ट कंट्रोलचं काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमोलदादांकडे झालं ते जवळपास प्रत्येक घरात होतं. ही लहान जात, मानेवर दोन काळ्या रेघा असलेली, तिची मादी अंड्यांची पिशवी पोटाला चिकटवून फिरते. एका पिशवीत तीस-चाळीस अंडी. स्प्रेने समोरचं झुरळ मरतं, पण पिशवीतल्या अंड्यांना काही होत नाही आणि फटीत खोल बसलेल्यांपर्यंत फवारा पोचत नाही. वरून त्या वासाने उरलेली पळतात आणि दुसऱ्या खोलीत बस्तान मांडतात.

जेलचं काम उलटं. झुरळ ते अन्न समजून खातं, फटीत परततं आणि एक-दोन दिवसांत मरतं. त्याची विष्ठा आणि त्याचं मेलेलं अंग बाकीची खातात, पिल्लं तर हमखास. जेलपर्यंत कधी न आलेलीही त्यामुळे मरतात.

मृण्मयीताई, तुमच्यासारख्या घरात मी असं करतो. आधी रात्री अकरानंतर दिवा बंद ठेवून टॉर्चने पाहायचं की ती कुठून निघतात. बहुतेक वेळा ट्रॉलीच्या बिजागऱ्या, सरकत्या पट्ट्यांच्या मागची बाजू, सिंकखालच्या पाइपाचं भोक, फ्रिजची मोटर आणि मिक्सरच्या बुडाशी. तिथेच ठिपके द्यायचे, मुगाच्या दाण्याएवढे. तुमच्या स्वयंपाकघराला तीस-पस्तीस ठिपके, म्हणजे सगळे मिळून तीन-चार ग्रॅम जेल पुरेल. लोक चार कोपऱ्यांत चार मोठे गोळे लावतात. त्याने काम होत नाही आणि मुलाच्या नजरेतही तेच आधी येतात. ठिपका फटीच्या आत, तुमचं स्वतःचं बोट सहज जाणार नाही अशा जागी. उघड्या कडेवर, फरशीवर, ओट्यावर एकही नाही.

लावल्यावर त्या जागा फिनेलने पुसू नका आणि जवळपास स्प्रे मारू नका. स्प्रेचा वास लागलेल्या जेलला झुरळ तोंड लावत नाही. "जेल चालत नाही" म्हणून मला बोलावतात, त्यातल्या बऱ्याच घरांत हेच निघतं. खरकटी भांडी रात्रभर सिंकमध्ये असली तरी तसंच, बाहेर जेवण असेल तर जेल कोण खाईल? तीन-चार आठवड्यांनी पिशव्यांतली पिल्लं निघतात, तेव्हा सुकलेले ठिपके खरवडून नवे द्यायचे. ही दुसरी खेप चुकवू नका.

प्रसाद, कोल्हापूर

एवढ्या विषांची गरजच काय? बोरिक पावडर, कणीक, साखर आणि दूध मळून सुपारीएवढ्या गोळ्या करा, कोपऱ्यात ठेवा. बोरिक म्हणजे कॅरमची पावडर, मुलं रोज हाताळतात. आमच्याकडे याच गोळ्यांनी झुरळं गेली.

रेणुका, फोंडा

प्रसाद, बोरिकने झुरळं मरतात हे खरं आहे, पण ती निरुपद्रवी नाही. हाताला लागणं वेगळं आणि पोटात जाणं वेगळं. मी जनावरांची डॉक्टर आहे. अशाच गोळ्या खाल्लेला लॅब्रेडॉर माझ्याकडे आणला होता, दिवसभर उलट्या आणि जुलाब. वाचला, पण तो चौदा किलोंचा होता. दूध-साखरेची गोळी कुत्र्याला पेढाच वाटते, आणि बाळालाही.

मृण्मयी, मांजराविषयी मुद्दाम लिहिते. खडूत आणि झुरळांच्या बहुतेक स्प्रेंत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशी द्रव्यं असतात. माणूस आणि कुत्रा ती बऱ्यापैकी पचवून बाहेर टाकतात, मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. शिवाय मांजर रेघेवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. लाळ गळणं, कान आणि कातडी फुरफुरणं, अंग थरथरणं दिसलं तर वाट बघायची नाही, डॉक्टरकडे न्यायचं. सर्वांत गंभीर मांजरं मी पाहिली ती खडूची नव्हती, कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला लावल्याची होती. पण द्रव्यांचं कूळ तेच.

जेलच्या नळीवर औषधाचं नाव आणि टक्के वाचा. फिप्रोनिलचं जेल बहुधा ०.०५ टक्क्यांचं असतं. तीस ग्रॅमच्या अख्ख्या नळीत पंधरा मिलिग्रॅम औषध, एका ठिपक्यात त्याचा अगदी किरकोळ अंश. पिसवांसाठी मांजराच्या मानेवर जे थेंब टाकतो त्यांतही फिप्रोनिलच असतं, सुमारे दहा टक्के. (घरात ससा असेल तर हे औषध अजिबात नको, सशाला ते बाधतं.) इमिडाक्लोप्रिडचं जेल २.१५ टक्क्यांचं येतं. एका ठिपक्याची तिथेही मोठी भीती नाही, पण पस्तीस ग्रॅमच्या नळीत साडेसातशे मिलिग्रॅम झाले. पाच किलोच्या पामेरियनने ती नळी चावून खाल्ली तर ती गंभीर गोष्ट आहे. लावलेल्या ठिपक्यापेक्षा उरलेल्या नळीला जपा. ती कुलपात.

जयंतराव, अकोला

आमच्याकडे जेल लावूनही रोज संध्याकाळी बाथरूममध्ये बोटभर लांबीची लाल झुरळं, काही तर उडतात. जेल कुचकामी आहे.

विनायक, नाशिक

काका, ती वेगळी जात. ती गटारातून आणि चेंबरमधून येतात, तुमच्या घरात राहत नाहीत. स्वयंपाकघरात जेल लावून त्यांना काय फरक पडणार? मोरीच्या जाळीचं भोक बारीक करा, रात्री झाकण ठेवा, चेंबरचं झाकण नीट बसतंय का बघा.

शेखर, डोंबिवली

माशांचं कुणी लिहिलं नाही. शेजारच्या खोलीत स्प्रे मारला होता, टाकी झाकलेली होती, पण हवेचा पंप चालू राहिला. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो हे लक्षातच आलं नाही. सकाळपर्यंत अकरा मासे गेले. मुलगी दोन दिवस जेवली नाही.

केतकी, न्यू जर्सी

इथे अमेरिकेत असा खडू विकणं बेकायदा आहे. पर्यावरण खात्याचा इशाराही आहे, मुलं तो साधा खडू किंवा गोळी समजतात म्हणून. तरी काही देशी दुकानांत मिळतो आणि आपले लोक भारतातूनही आणतात. माझ्या आईच्या बॅगेत निघाला होता.

रेणुका, फोंडा

हे धाग्यात राहू दे. मुलाने काही खाल्लंच तर दिल्लीच्या एम्सचं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७. फोन करताना डबा किंवा नळी हातात ठेवा, औषधाचं नाव विचारतात. आणि स्वतःहून उलटी करवू नका. स्प्रे रॉकेलसारख्या तेलात असेल तर उलटी होताना ते फुप्फुसात जाऊ शकतं.

मृण्मयी, ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवडे झाले, काय झालं ते लिहिते.

फिप्रोनिलचं जेल आणलं. रात्री टॉर्चने पाहिलं तर सगळ्यांत जास्त फ्रिजच्या मोटरीजवळ होती, ट्रॉलीत त्यामानाने कमी. मला उलटं वाटत होतं. एकतीस ठिपके दिले, मुलगी झोपल्यावर. सर्वांत खालच्या ट्रॉलीत एकही दिला नाही, कारण ती तिला उघडता येते. तिसऱ्या दिवशी भर दुपारी झुरळं ओट्यावर लडखडत आली. मी घाबरून स्प्रेच आणणार होते, पण नवऱ्याने थांबवलं. मांजर त्यातलं एक पकडायला धावली म्हणून तिला तीन दिवस स्वयंपाकघराबाहेर ठेवलं आणि मेलेली झुरळं दिवसातून दोनदा झाडून काढली. दहाव्या दिवशी रात्री एकच दिसलं. पंचविसाव्या दिवशी मुंगीएवढी पिल्लं निघाली, तेव्हा दुसरी खेप दिली. गेल्या आठ रात्रींत काही दिसलेलं नाही.

एक शंका आहे. विनायकदादा, आमची आणि शेजारच्यांची पाइपाची डक्ट एकच आहे आणि ते दर महिन्याला स्प्रे मारतात. त्यांची झुरळं इकडे येणार का?

विनायक, नाशिक

येतील, ताई. डक्टकडचं पाइपाचं भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवा, सिंकखाली दोन ठिपके कायम ठेवा. आणि पुढच्या खेपेला औषध बदला. काही झुरळं जेलमधली ग्लुकोजची गोडी टाळायला लागतात, त्यांना ती कडू लागते. परदेशात हे १९९३ मध्येच नोंदलं गेलंय. माझ्या कामात दोन सोसायट्यांत ताजं जेल तसंच पडून राहिलेलं पाहिलंय, कारण तेच होतं की आणखी काही, ते मला ठरवता आलं नाही. शेजाऱ्यांशी बोलता आलं तर बघा, दोन्ही घरांत एकाच आठवड्यात जेल लागलं तर बरं.

सुलभाताई, सांगली

मृण्मयी, त्यांच्याकडेही लहान मूल आहे का गं? असेल तर शेखर आणि अमोलने लिहिलंय ते त्यांना वाचायला दे.